छायाचित्रातले छेदनबिंदू

आजच्या व्याख्यानासाठी मी एकच चित्र निवडले आहे. वहीच्या पानावर पेन्सिलीने दोन अक्ष काढलेले आहेत. त्यांवर एक सरळ रेषा आणि एक वळणदार वक्र आहे. दोन्हींच्या मधला भाग तिरप्या रेघांनी भरलेला आहे आणि कडेला दोन समीकरणे लिहिली आहेत, `y = x³ − x²` आणि `y = 2x`. मोबाइलवर या पानाचा फोटो काढलेला आहे, तोही थोडा तिरका, आणि भरलेल्या भागाचे क्षेत्रफळ विचारले आहे. बारावीच्या गणितात निश्चित समाकलनाचे उपयोग शिकवताना अशी उदाहरणे येतात, आणि ‘आधी छेदनबिंदू काढा’ ही सूचना तिथे हमखास मिळते. या सूचनेचे कारण साधारणपणे एवढेच सांगतात की समाकलनाला सीमा लागतात, आणि त्या छेदनबिंदूंपासून मिळतात. ते खरे आहे, पण पुरेसे नाही. माझे म्हणणे असे आहे की हाताने काढलेल्या आणि फोटोतून आलेल्या आकृतीत छेदनबिंदू हीच सर्वांत भरवशाची गोष्ट असते आणि क्षेत्रफळ ही सर्वांत बेभरवशाची. म्हणून सुरुवात छेदनबिंदूंपासून करायची. पण ते किती, कोणत्या क्रमाने आणि कसे छेदतात एवढेच आकृतीला विचारायचे. ते नेमके कुठे आहेत, हे समीकरणाला विचारायचे.

फोटो काढताना काय होते ते आधी पाहू. पानावरच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला किरण भिंगातून जाऊन कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका बिंदूवर पोहोचतो. पान कितीही तिरके असले तरी जो बिंदू रेषेवरही आहे आणि वक्रावरही आहे, त्याची प्रतिमा रेषेच्या प्रतिमेवरही पडणार आणि वक्राच्या प्रतिमेवरही पडणार. दोन वक्र जिथे भेटले तिथे त्यांच्या प्रतिमा भेटतात, आणि जिथे भेटले नाहीत तिथे त्या भेटू शकत नाहीत. रेषेवरून जाताना छेद ज्या क्रमाने लागतात तो क्रमही टिकतो. कागद चुरगळलेला असला, किंवा रुंद कोनाच्या भिंगाने कडेच्या रेघा किंचित वाकवल्या, तरी यात फरक पडत नाही. चांगला फोटो याहून थोडे अधिक सांभाळतो. सरळ रेषा सरळ राहते आणि स्पर्श स्पर्शच राहतो. न्यूटनने १७०४ साली ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथाला जोडून तृतीय घाताच्या वक्रांचे वर्गीकरण प्रसिद्ध केले. असे सगळे वक्र अवघ्या पाच मूळ वक्रांच्या सावल्या म्हणून मिळतात, असे त्याने त्यात मांडले. एका बिंदूतून निघालेल्या प्रकाशाने पडणारी सावली आणि एका बिंदूतून टिपलेला फोटो यांची भूमिती एकच आहे. तृतीय घाताच्या वक्राची सावलीही तृतीय घाताचीच असते. म्हणून मूळ पानावर एखादी रेषा त्या वक्राला तीनपेक्षा जास्त ठिकाणी छेदू शकत नसेल, तर फोटोतही छेदू शकत नाही.

आता फोटोत काय हरवते ते पाहू. आपल्या उदाहरणात रेषा वक्राला तीन ठिकाणी छेदते, x = −1, x = 0 आणि x = 2 या ठिकाणी. ही मुळे कशी निघतात ते पुढे येईलच. रेषेवर मोजले तर पहिल्या छेदापासून आरंभबिंदूपर्यंतचे अंतर आणि आरंभबिंदूपासून शेवटच्या छेदापर्यंतचे अंतर यांचे गुणोत्तर १:२ आहे. वही बाकावर पडलेली आहे आणि फोटो तिरका काढला आहे असे समजा. कॅमेऱ्याच्या रोखाने मोजले तर खालचा छेद २५ सेंटिमीटरवर आणि वरचा ३० सेंटिमीटरवर आहे. म्हणजे दूरचे टोक जवळच्या टोकाच्या १.२ पट लांब आहे. अशा वेळी फोटोतले गुणोत्तर मूळ गुणोत्तराला याच १.२ ने भागून मिळते, आणि १:२ चे ३:५ होते. डावीकडचा छेद −1 वर आहे हे ज्याला माहीत आहे, तो पट्टीने मोजून उजवीकडचा छेद 1.67 च्या आसपास आहे असे ठरवील. त्याने पट्टी नीट लावली आहे आणि बेरीज-वजाबाकीही बरोबर केली आहे, तरीही उत्तर चुकलेले आहे. अंतरांचे गुणोत्तर टिकत नाही, मध्यबिंदू मध्यावर राहत नाही, काटकोन काटकोन राहत नाही, समांतर रेघा समांतर राहत नाहीत. क्षेत्रफळाचे तर विचारूच नका, कारण त्यात दोन दिशांची विकृती एकत्र येते. इतक्या सगळ्या पडझडीत ‘हे दोघे इथे भेटतात’ हे विधान मात्र जसेच्या तसे उभे राहते.

प्रत्यक्ष उदाहरण सोडवताना पहिले काम म्हणजे कडेला लिहिलेले समीकरण आणि काढलेला वक्र एकमेकांशी जुळतात का, ते पाहणे. फोटोत बारीक घातांक आणि चिन्हे पुसट होतात, आणि वजा अधिकसारखे दिसू शकते. `x³ − x²` चे अवयव `x²(x − 1)` असे पडतात. म्हणून वक्र X-अक्षाला आरंभबिंदूपाशी नुसता स्पर्श करून परत खाली वळतो आणि x = 1 पाशी अक्ष ओलांडून वर जातो. चित्रात आरंभबिंदूपाशी स्पर्श आणि त्याच्या उजवीकडे छेद दिसत असेल तर वाचन बरोबर आहे. छेद डावीकडे दिसत असेल तर मूळ समीकरण `x³ + x²` असण्याची शक्यता आहे आणि फोटो मोठा करून पुन्हा पाहायला हवा. स्पर्श आणि छेद यांतला भेद फोटोत टिकतो, म्हणून ही तपासणी तिरक्या फोटोवरही चालते.

मग छेदनबिंदू काढायचे. जिथे दोन्हींचे y सारखे आहेत तिथे `x³ − x² = 2x`, म्हणजे `x³ − x² − 2x = 0`, म्हणजे `x(x − 2)(x + 1) = 0`. तीन मुळे मिळाली, −1, 0 आणि 2. ती दोन्ही समीकरणांत घालून पाहावीत. x = 2 ला वक्र 8 − 4 = 4 देतो आणि रेषाही 4 देते. x = −1 ला वक्र −1 − 1 = −2 देतो आणि रेषाही −2 देते. शून्याला दोन्ही शून्य. इथे सर्वांत वारंवार होणारी चूक अशी की दोन्ही बाजूंना x ने भागले जाते. मग `x² − x − 2 = 0` हे वर्गसमीकरण उरते, त्याची मुळे −1 आणि 2 येतात, आणि मधले शून्य गुपचूप नाहीसे होते. समीकरण सुटल्याचे समाधान मिळते आणि एक छेद गेलेला असतो. इथे आकृती कामाला येते. रेषा आणि वक्र दोन्ही आरंभबिंदूतून जाताना चित्रात स्पष्ट दिसतात. चित्रात तीन छेद आणि कागदावर दोन मुळे असतील तर बीजगणितात काहीतरी सुटले आहे. आकृती अंतराबाबत खोटी असली तरी मोजणीबाबत खरी असते. तिचा उपयोग इथेच आहे.

उलट बाजूची चूकही तितकीच सहज होते. −1 आणि 0 यांच्यामधला कप्पा फार अरुंद आहे. तिथे वक्र रेषेच्या वर असतो आणि दोघांतले उभे अंतर जास्तीत जास्त ०.६३ एकक भरते. पण त्या जागी रेषा आणि वक्र दोन्ही तितकेच चढे आहेत, चढ 2 आहे, आणि म्हणून डोळ्याला दिसणारी जाडी, म्हणजे काटकोनात मोजलेली रुंदी, ०.२८ एककच उरते. एक एकक म्हणजे एक सेंटिमीटर धरले तर ती तीन मिलिमीटरही नाही. बोथट पेन्सिलीने काढलेल्या आणि कमी उजेडात टिपलेल्या चित्रात हा कप्पा जाड रेघेसारखा दिसतो. नुसत्या चित्रावर विसंबणारा माणूस तो सोडून देतो आणि 0 ते 2 एवढाच भाग मोजतो. इथे बीजगणित चित्राला दुरुस्त करते, कारण −1 हे मूळ आहे, ते टाळता येत नाही. तिसरी चूक वेगळ्या जातीची आहे. वक्र x = 1 पाशी X-अक्षाला छेदतो, तो बिंदू डोळ्यांत भरतो आणि त्यालाच सीमा मानले जाते. पण आपल्याला वक्र आणि रेषा यांच्यामधला भाग हवा आहे. अक्षाचा त्यात काही संबंध नाही. 0 ते 1 या पट्ट्यात वक्र अक्षाच्या खाली आहे म्हणून तिथे वेगळे समाकलन करायचे, असेही काहींना वाटते. तशी गरज नाही. वरच्याचा y वजा खालच्याचा y ही वजाबाकी अक्ष कुठे आहे हे विचारत नाही.

आता क्षेत्रफळ. प्रत्येक कप्प्यात कोण वर आहे हे एकेक बिंदू घेऊन पाहू. x = −1/2 ला वक्र −3/8 आणि रेषा −1, म्हणून वक्र वर. x = 1 ला वक्र 0 आणि रेषा 2, म्हणून रेषा वर. पहिल्या कप्प्यात `x³ − x² − 2x` चे −1 ते 0 समाकलन करायचे. त्याचे प्रतिअवकलज `x⁴/4 − x³/3 − x²`. शून्याला त्याची किंमत 0 आणि −1 ला −5/12, म्हणून या कप्प्याचे क्षेत्रफळ ५/१२. दुसऱ्या कप्प्यात तीच राशी उलट्या चिन्हाने घ्यायची आणि 0 ते 2 समाकलन करायचे. 2 ला प्रतिअवकलजाची किंमत 4 − 8/3 − 4, म्हणजे −8/3, म्हणून क्षेत्रफळ ८/३. एकूण ३७/१२, सुमारे ३.०८ चौरस एकके. मधले शून्य गमावून बसलेला विद्यार्थी −1 ते 2 एकच समाकलन करतो आणि त्याला −9/4 मिळते. क्षेत्रफळ ऋण असत नाही म्हणून तो वजा चिन्ह पुसून २.२५ लिहितो. हे उत्तर धोक्याचे आहे ते त्याच्या साळसूदपणामुळे. आकृती सममित असती तर दोन कप्पे एकमेकांना खाऊन शून्य आले असते आणि चूक ताबडतोब उघडी पडली असती. इथे ८/३ मधून ५/१२ वजा होऊन एक शक्य वाटणारी संख्या उरते. समाकलनाने ऋण उत्तर दिले की ते वरखाली उलटल्यामुळे आले की मधला छेद हरवल्यामुळे, हे तपासल्याशिवाय चिन्ह पुसू नये.

यावर एक गंभीर आक्षेप येतो आणि तो मला महत्त्वाचा वाटतो. आक्षेप असा की सीमा थोडी चुकली तर बिघडते काय? छेदनबिंदूपाशी दोन वक्रांतले अंतर शून्य असते, म्हणून तिथे सीमा थोडी अलीकडे-पलीकडे झाली तर गमावलेला तुकडा अगदी छोटा असतो. हिशेब आक्षेपकाच्या बाजूने आहे. उजव्या कप्प्यात 2 ऐवजी 1.9 धरले तर २.६६७ च्या जागी २.६३८ येते. सीमेत पाच टक्क्यांची चूक आणि क्षेत्रफळात जेमतेम एक टक्क्याची. गमावलेला तुकडा जवळजवळ त्रिकोणी असतो. त्याचा पायाही लहान आणि उंचीही लहान, त्यामुळे चूक सीमेतल्या फरकाच्या वर्गाप्रमाणे वाढते. मी हे मान्य करतो, आणि म्हणूनच छेदनबिंदूचे दशांश डोळ्यांनी काटेकोर वाचायच्या मागे लागू नये असे म्हणतो. पण ज्या वर्गाने छोट्या चुकीला छोटे ठेवले, तोच वर्ग मोठ्या चुकीला फुगवतो. तिरक्या फोटोतून मिळालेले 1.67 सीमा म्हणून वापरले तर क्षेत्रफळ सुमारे २.४० येते, म्हणजे दहा टक्क्यांहून अधिक तूट. आणि छेद अख्खाच निसटला तर सवलत मुळीच नाही. सीमेतली थोडी चूक माफ होते, छेदांच्या संख्येतली चूक माफ होत नाही. ही विषमता माझ्याच म्हणण्याला बळ देते. आकृतीकडून संख्या आणि क्रम घ्या, स्थान समीकरणाकडून घ्या.

दुसरा आक्षेप आजच्या साधनांचा आहे. मोबाइलमधली कागदपत्रे स्कॅन करण्याची सोय पानाचे चार कोपरे ओळखून तिरका फोटो सरळ करते. मग विकृतीचा प्रश्नच कुठे उरला? पानाचा मूळ आकार माहीत असेल तर चार कोपऱ्यांच्या आधारे प्रतिमा पुन्हा सपाट करता येते, हे भूमितीच्या दृष्टीने अगदी बरोबर आहे. पण अशाने कॅमेऱ्याचा तिरकेपणा जातो, हाताचा जात नाही. कच्ची आकृती मुळातच मापाने काढलेली नसते. काढणाऱ्याने 2 हा छेद पानात बसावा म्हणून आत ओढलेला असतो, अरुंद कप्पा दिसावा म्हणून फुगवलेला असतो. तसे करणे चूक नाही, कारण आकृती समजण्यासाठी काढतात. ती अगदी आलेख-कागदावर काळजीपूर्वक काढली आणि चौकोन मोजले, तरी उत्तर तीनच्या आसपास येईल. ३७/१२ हे उत्तर चौकोन मोजून कधीच हाती लागणार नाही.

माझ्या म्हणण्याला एक खरी मर्यादा आहे. फोटो चौकटीच्या आतले छेद सांभाळतो, बाहेरच्यांबद्दल तो काहीच बोलत नाही. `y = x²` आणि `y = 2ˣ` ही जोडी घ्या. नेहमीच्या आकृतीत आरंभबिंदूच्या डावीकडे एक छेद दिसतो आणि x = 2 पाशी, y = 4 वर, दुसरा. पुढे दोन्ही वक्र वर निघून जातात आणि पान संपते. पण x = 4 ला दोन्हींचे y 16 आहे, तिथे तिसरा छेद आहे. 2 आणि 4 यांच्यामधल्या कप्प्यात x = 3 ला एकाचे y 9 आणि दुसऱ्याचे 8, अंतर अवघे एक. त्या कप्प्याचे क्षेत्रफळ सुमारे १.३५. पहिल्या उदाहरणात समीकरण तृतीय घाताचे होते, त्यामुळे तीन मुळे मिळाल्यावर शोध संपला असे खात्रीने म्हणता आले. इथे घात तशी हमी देत नाही. हमी दुसरीकडून आणावी लागते. `2ˣ − x²` चे तीनदा अवकलन केले तर x² चे पद नाहीसे होते आणि नेहमी धन असणारी राशी उरते. ज्या फलनाचे तिसरे अवकलज कधीच शून्य होत नाही, त्याला तीनपेक्षा जास्त मुळे असू शकत नाहीत, कारण दर दोन मुळांमध्ये अवकलजाचे एक मूळ असावेच लागते. 2 आणि 4 ही मुळे किमती घालून ताबडतोब पटतात. डावीकडचे मूळ −0.7667 च्या जवळ आहे, आणि त्याच्यासाठी अवयव पाडण्याची सोय नाही. तिथे आकृतीतून ‘उणे एक आणि शून्य यांच्यामध्ये’ एवढा अंदाज घ्यायचा आणि अंतर अर्धे-अर्धे करत जवळ जायचे. किती छेद शोधायचे हे एकदा ठरले की हे काम सरळ आहे. ते ठरले नसेल तर दोन छेद सापडल्यावर तिसऱ्याची आठवणसुद्धा होणार नाही.

शेवटचा आक्षेप गणितप्रेमींकडून येतो. सगळी मुळे बीजगणिताने काढा, वजाबाकीची केवल किंमत घ्या, समाकलन करा, आकृती हवी कशाला? आकृती हवी ती कोणता भाग विचारला आहे हे कळण्यासाठी. आपल्या मूळ चित्राकडे परत या. रेघा तिन्ही छेदांमधल्या दोन्ही कप्प्यांत असतील तर उत्तर ३७/१२. फक्त उजव्या कप्प्यात असतील तर ८/३. पण उजव्या कप्प्याचाही एक बारीक तुकडा X-अक्षाच्या खाली आहे. 0 ते 1 या पट्ट्यात वक्र अक्षाखाली झुकतो, तिथली खोली जास्तीत जास्त ४/२७ एकक, म्हणजे एक सेंटिमीटरचे एकक धरून जेमतेम दीड मिलिमीटर, आणि क्षेत्रफळ १/१२. काढणाऱ्याच्या रेघा अक्षापाशी थांबल्या असतील तर विचारलेला भाग रेषा, अक्ष आणि वक्र यांनी वेढलेला आहे. मग 0 ते 2 रेषेखालचे ४ आणि त्यातून 1 ते 2 वक्राखालचे १७/१२ वजा करून उत्तर ३१/१२ येते. तिथे x = 1 हा अक्षावरचा छेदही खरीखुरी सीमा ठरतो, जो मघाशी आपण परका म्हणून बाजूला ठेवला होता. दीड मिलिमीटरच्या फटीत पेन्सिलीच्या रेघा गेल्या आहेत की नाही, हे फोटो कितीही मोठा केला तरी समजत नाही, आणि समाकलनाच्या कोणत्याही नियमाने ते ठरत नाही. अशा वेळी फोटोसोबत आलेले प्रश्नाचे वाक्य मागून घ्यावे, ‘वक्र आणि रेषा यांनी बंदिस्त केलेला’ असे लिहिले आहे की त्यात X-अक्षाचेही नाव आहे ते पाहावे, आणि मगच सीमा लिहायला घ्याव्यात.